पेप्टाइड बंधाचं सपाटपण: एका गृहीतकाची पार्श्वभूमी

प्रथिनाच्या कण्यातला प्रत्येक तिसरा बंध, म्हणजे दोन अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध, जवळजवळ फिरतच नाही, हे आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलं जातं. 1950 पर्यंत मात्र मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही ते बंधनकारक वाटत नव्हतं.

कारण तसं साधं आहे. नायट्रोजनवरची एकाकी इलेक्ट्रॉन जोडी शेजारच्या कार्बोनिल गटाकडे ओढली जाते, त्यामुळे कार्बन-नायट्रोजन बंधाला थोडं दुहेरीपण येतं. एकेरी बंधाची लांबी सुमारे 1.47 अँगस्ट्रॉम असते, इथे ती 1.33 भरते. हे दुहेरीपण टिकायचं तर दोन्ही अणूंच्या कक्षा समांतर राहायला हव्यात. बंध 90 अंशांत पिळला की तो आधार जातो आणि त्याची किंमत मोलमागे सुमारे 20 किलोकॅलरी पडते. म्हणून लगतचे सहा अणू एकाच प्रतलात राहतात. लहान रेणूंच्या स्फटिकांतून ही मापं 1930 च्या दशकाअखेरीपासून मिळू लागली होती.

तरीही 1950 मध्ये केंब्रिजच्या गटाने प्रथिनाच्या साखळीच्या संभाव्य मळसूत्री रचनांची जी यादी छापली, तिच्यात सपाटपणाची अट नव्हती. उलट दर वेढ्यात अमिनो आम्लं पूर्णांकातच हवीत, असं धरलं होतं. केसाच्या क्ष-किरण चित्रात 5.1 अँगस्ट्रॉमचा ठळक ठिपका दिसतो, वेढ्याची उंची तीच असणार, हा त्यामागचा भरवसा. पुराव्याला धरून राहणं यात गैर काही नाही, पण पुरावा कुठला धरायचा याची निवड फसली. कॅलिफोर्नियातल्या गटाने उलटा मार्ग धरला: सपाट बंध पक्का, पूर्णांकाची सक्ती नाही आणि 5.1 चा ठिपका तूर्त बाजूला. 1951 मध्ये त्यांनी मांडलेल्या अल्फा हेलिक्स या मळसूत्राची वेढा-उंची 5.4 निघाली, दर वेढ्यात आम्लं साधारण 3.6. चित्राशी ते जुळत नव्हतं. पण एका आम्लामागे चढ 1.5 अँगस्ट्रॉम येतो, म्हणजे तिथेही ठिपका हवा. केंब्रिजमध्येच तो त्याच वर्षी सापडला. 5.1 चं कोडं नंतर सुटलं: केसातल्या हेलिक्स एकमेकींभोवती वळलेल्या असतात, त्यामुळे मोजलेली उंची कमी दिसते.

बंध गोठला की प्रत्येक आम्लामागे दोनच फिरकीचे कोन उरतात, फाय आणि साय. 1963 मध्ये मद्रासच्या गटाने अणूंना कडक गोळे मानून कुठल्या कोनांत ते एकमेकांवर आदळतात ते मोजलं, तेव्हा या दोन कोनांच्या नकाशाचा बहुतांश भाग बाद झाला. ग्लायसिनला बाजूची साखळी नाही, म्हणून त्याला मोकळीक जास्त. आज नव्या संरचनेत एखादं आम्ल निषिद्ध भागात दिसलं की पहिला संशय मॉडेल बांधणाऱ्यावर जातो.

तिसरा कोन, म्हणजे खुद्द पेप्टाइड बंधाच्या फिरकीचा ओमेगा, मात्र अगदी 180 वर खिळलेला नाही. पाच-सहा अंशांचं विचलन नेहमीचं. प्रोलिनच्या आधीचे साधारण वीसातले एक बंध सिस असतात, म्हणजे शून्याजवळ. संगणकावर मॉडेल सुधारताना ओमेगाला 180 कडे खेचणारं बंधन घातलेलं असतं, त्यामुळे कमी प्रतीच्या डेटातून दिसणारं सपाटपण काही अंशी आपणच घातलेलं असतं.