सीएस२ चा नेम व्हॅलोरंटमध्ये नेताना

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सेन्सिटिव्हिटी १ ठेवणाऱ्याने तोच आकडा व्हॅलोरंटमध्ये टाकला, तर हात तेवढाच हलूनही क्रॉसहेअर तिपटीहून जास्त वळतो. कारण सेन्सिटिव्हिटी हा नुसता गुणक आहे आणि तो कशाला गुणायचा, हे प्रत्येक गेम स्वतः ठरवतो.

माउस सरकतो तसे तो संगणकाला ‘काउंट’ पाठवतो. ८०० डीपीआय म्हणजे एक इंच सरकल्यावर ८०० काउंट. सेन्सिटिव्हिटी १ असताना सीएस२ दर काउंटला नजर ०.०२२ अंश वळवतो, व्हॅलोरंट ०.०७ अंश. त्यामुळे डीपीआय तोच ठेवून सीएस२ चा आकडा ३.१८ ने भागायचा: १ चे होतात `0.314`. एपेक्स लेजंड्समध्येही ०.०२२ च आहे, तिथे आकडा जसाच्या तसा चालतो.

गणित बरोबर आलं का, हे पूर्ण गिरकीला लागणाऱ्या अंतरावरून कळतं:

```
cm = 360 × 2.54 / (DPI × sens × yaw)
```

इथे `yaw` म्हणजे दर काउंटचे अंश. ८०० डीपीआयला सीएस२ मध्ये ५१.९५ सेंटिमीटर येतात, व्हॅलोरंटमध्ये ५२.०, हा फरक हाताला जाणवत नाही. तरीही पट्टी ठेवून मोजाच. भिंतीवरच्या एका खुणेवर क्रॉसहेअर धरा आणि माउस सरळ ५२ सेंटिमीटर सरकवा. पॅड अपुरा पडला तर मध्येच उचलून पुन्हा टेकवा. क्रॉसहेअर त्याच खुणेवर परतला पाहिजे. मग तेच अंतर एकदा झटक्यात आणि एकदा सावकाश सरकवा. दोन वेळा वेगवेगळं वळण आलं, तर बहुधा कुठेतरी अॅक्सेलरेशन चालू आहे. विंडोजमधलं ‘Enhance pointer precision’ आणि माउसचं स्वतःचं सॉफ्टवेअर आधी तपासा. अॅक्सेलरेशन चालू असेतो कुठलाही गुणक टिकणार नाही.

एवढं जुळूनही गेम किंचित वेगळा वाटतोच, कारण दृश्याची रुंदी वेगळी असते. १६:९ स्क्रीनवर सीएस२ आडवे सुमारे १०६ अंश दाखवतो, व्हॅलोरंट १०३. दृश्य जितकं अरुंद, तितकं लक्ष्य मोठं दिसतं आणि तेवढ्याच वळणाला स्क्रीनवर जास्त सरकतं. मध्यभागी हा फरक सुमारे सहा टक्के आहे. तो मिटवायला `0.314` ऐवजी `0.296` ठेवता येईल, पण मग गिरकीचं अंतर ५५ सेंटिमीटर होतं. दोन्ही एकाच वेळी जुळवणं शक्य नाही. आमच्या मते गिरकीचंच अंतर जुळवावं, कारण मागे वळण्याची आणि कोपरे तपासण्याची हाताची सवय अंशांत बसलेली असते.

स्कोपमध्ये मात्र उलट करावं. तिथे दृश्य इतकं अरुंद होतं की अंशांपेक्षा स्क्रीनवरचा वेग महत्त्वाचा ठरतो. सीएस२ मध्ये AWP च्या पहिल्या झूमचा वेग स्कोपबाहेरच्या वेगाशी जुळवायचा असेल, तर कन्सोलमध्ये हे टाका:

```
zoom_sensitivity_ratio 0.819
```

दुसऱ्या झूमचं दृश्य आणखी अरुंद असल्याने तिथे हा आकडा नेमका बसत नाही. ज्या झूमने जास्त खेळता, तो धरून ठरवा.