एक किलोमीटर कमावला, पाच गमावले

समजा, म्हापशात सोड्याच्या बाटल्यांचं एक गोदाम आहे. सकाळी पाच ठिकाणच्या ऑर्डरी आल्यात: शिवोली २० क्रेट, मांद्रे २५, पेडणे ३०, कोलवाळ २० आणि कळंगुट ४५. कळंगुटचा आकडा मोठा, कारण तिथे हॉटेलं जास्त. टेम्पोत ७५ क्रेट बसतात. एकूण माल १४० क्रेट, म्हणजे एका फेरीत काही तो जाणार नाही. दोन फेऱ्यांत जाऊ शकेल, पण कुठलं गाव कुणाबरोबर घालायचं यावर डिझेलचं बिल ठरणार.

हा प्रश्न गणितात पहिल्यांदा नीट मांडला तो जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅम्सर यांनी, १९५९ साली. त्यांच्यापुढे होते पेट्रोलचे टँकर. पुढे १९६४ मध्ये क्लार्क आणि राइट या इंग्लंडमधल्या दोघांनी त्यावर इतकी सोपी रीत काढली की ती वहीच्या पानावर करता येते. तिचं नाव सेव्हिंग्ज अल्गोरिदम, म्हणजे बचतीची रीत. आजही फेऱ्या आखणाऱ्या कितीतरी सॉफ्टवेअरची सुरुवात तिच्यापासून होते, आणि मग त्या उत्तरावर पुढची डागडुजी होते.

सुरुवात मुद्दाम वाईटात वाईट आखणीपासून करायची. प्रत्येक गावाला वेगळा टेम्पो: म्हापशाहून निघाला, माल उतरवला, परत आला. गणितासाठी म्हापशापासूनची अंतरं पूर्ण किलोमीटरमध्ये धरू: शिवोली ८, मांद्रे १८, पेडणे १७, कोलवाळ ७, कळंगुट ९. बेरीज ५९, जाऊन-येऊन ११८ किलोमीटर.

आता यातली दोन गावं एका फेरीत जोडली तर काय वाचतं? मांद्रे आणि पेडणे घ्या. वेगवेगळ्या फेऱ्यांत मांद्र्याहून रिकामा टेम्पो १८ किलोमीटर परत येतो आणि पेडण्यासाठी दुसरा १७ किलोमीटर जातो. जोडल्यावर हे दोन्ही प्रवास गळतात आणि त्यांच्या जागी मांद्रे ते पेडणे हे १३ किलोमीटर येतात. म्हणजे बचत १८ + १७ − १३ = २२. सूत्र एवढंच:

बचत = (गोदाम ते पहिलं गाव) + (गोदाम ते दुसरं गाव) − (दोन गावांमधलं अंतर)

गोदामापासून लांब, पण एकमेकांजवळ अशा गावांना हे सूत्र भरपूर गुण देतं. नुसतं ‘सगळ्यात जवळचं गाव आधी’ असं म्हणत गेलं की लांबची गावं शेवटी एकेकटी उरतात आणि महागात पडतात. इथे उलट, लांबच्यांची सोय आधी लागते.

पाच गावांच्या जोड्या दहा. प्रत्येकीची बचत काढून उतरत्या क्रमाने लावली की ही यादी मिळते:

| जोडी | दोघांतलं अंतर (किमी) | बचत (किमी) |
|---|---|---|
| मांद्रे–पेडणे | १३ | २२ |
| शिवोली–मांद्रे | ११ | १५ |
| कोलवाळ–पेडणे | १० | १४ |
| शिवोली–पेडणे | १५ | १० |
| शिवोली–कळंगुट | ११ | ६ |
| मांद्रे–कळंगुट | २२ | ५ |
| शिवोली–कोलवाळ | ११ | ४ |
| मांद्रे–कोलवाळ | २२ | ३ |
| कोलवाळ–कळंगुट | १६ | ० |
| पेडणे–कळंगुट | २६ | ० |

यादी वरून खाली वाचत जायचं आणि प्रत्येक जोडीला तीन प्रश्न विचारायचे. दोन्ही गावं सध्या वेगवेगळ्या फेऱ्यांत आहेत ना? दोन्ही आपापल्या फेरीच्या टोकाला आहेत ना, म्हणजे गोदामाला थेट लागून? आणि दोन्ही फेऱ्यांचा माल मिळून एका टेम्पोत मावतो ना? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर जोडायचं. एकाचं जरी ‘नाही’ आलं तर ती जोडी सोडून पुढे जायचं, परत मागे वळायचं नाही.

करून बघू. मांद्रे–पेडणे: २५ + ३० = ५५ क्रेट, जोडलं. शिवोली–मांद्रे: मांद्रे अजून फेरीच्या टोकाला आहे, ५५ + २० = ७५, काठोकाठ बसलं. फेरी झाली म्हापसा–शिवोली–मांद्रे–पेडणे–म्हापसा. कोलवाळ–पेडणे: ७५ मध्ये आणखी २० मावत नाहीत, सोडलं. शिवोली–पेडणे आधीच एका फेरीत आहेत. जोडली तर टेम्पो गोदामाशी न येता गोल गोल फिरत राहील. शिवोली–कळंगुटला जागा नाही. मांद्रे–कळंगुटला जागा तर नाहीच, शिवाय मांद्रे आता फेरीच्या मध्ये अडकलंय, त्याच्या दोन्ही बाजू भरल्यात. कोलवाळच्या पुढच्या दोन्ही जोड्याही त्याच भरलेल्या फेरीशी, म्हणून गेल्या. उरली कोलवाळ–कळंगुट, बचत शून्य. २० + ४५ = ६५ क्रेट, मावतात.

शून्य बचतीची जोडी का घ्यायची, असं वाटेल. किलोमीटर वाचत नाहीत हे खरं, कारण कोलवाळहून कळंगुटला जायचा रस्ता म्हापशावरूनच जातो. पण तिसऱ्या फेरीचा भरणा आणि वेळ वाचतो. टेम्पो भाड्याचा असेल तर तेवढ्यासाठीही ती घेण्यासारखी आहे.

हिशेब: पहिली फेरी ८ + ११ + १३ + १७ = ४९, दुसरी ७ + १६ + ९ = ३२. एकूण ८१. मूळच्या ११८ मधून यादीतल्या २२, १५ आणि ० वजा केले तरी ८१ येतात. हा ताळा कागदावर करताना फार उपयोगी पडतो. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर बेरजेत नाही तर जोडणीत कुठेतरी घोळ आहे.

इथपर्यंत सगळं छान. पण ही आखणी त्या रस्त्यावर रोज गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला दाखवली तर तो हसेल. कोलवाळ हे म्हापसा–पेडणे हायवेवरच आहे. पहिला टेम्पो पेडण्याहून परतताना कोलवाळवरून रिकामा येणार, आणि कोलवाळचा माल द्यायला दुसरा टेम्पो म्हापशाहून मुद्दाम निघणार!

ड्रायव्हरचं म्हणणं आकड्यांत मांडू. कोलवाळ, पेडणे, मांद्रे मिळून बरोबर ७५ क्रेट. फेरी ७ + १० + १३ + १८ = ४८ किलोमीटर. उरले शिवोली आणि कळंगुट, ६५ क्रेट, ८ + ११ + ९ = २८ किलोमीटर. एकूण ७६. टेम्पो तेवढेच, फेऱ्या तेवढ्याच, पाच किलोमीटर कमी.

मग रीत चुकली कुठे? यादीच्या दुसऱ्या ओळीवर. शिवोली–मांद्रेची बचत १५, तिच्या खालच्या कोलवाळ–पेडणेची १४. एका किलोमीटरच्या फरकाने शिवोली आत गेली आणि टेम्पोतली शेवटची २० क्रेटची जागा संपली. शिवोलीला दुसरी चांगली जोड होती, कळंगुटची, सहा किलोमीटर वाचवणारी. कोलवाळला उरलेल्यांत तशी कुणाची सोबतच नव्हती. पण ही रीत एका वेळी एकच जोडी बघते. या निवडीने पुढे कुणाची वाट बंद होईल, हे तिच्या हिशेबात नसतं.

दोष क्षमतेच्या मर्यादेतून येतो, हे तपासायला टेम्पो मोठा करून पाहा. ९५ क्रेटचा टेम्पो असेल तर मांद्रे–पेडण्याच्या एका टोकाला शिवोली लागते, दुसऱ्या टोकाला कोलवाळ, आणि कळंगुट एकटं जातं. ४९ अधिक १८, एकूण ६७ किलोमीटर. शिवोली–मांद्रे–पेडणे ही फेरीही ४९ चीच होती. कोलवाळ वाटेवरच असल्याने ते जोडायला एक किलोमीटरही जास्त लागला नाही. जागा मुबलक असली की बचतीची रीत सहसा चांगली वागते. टेम्पो काठोकाठ भरायची वेळ आली की तिच्या उत्तराकडे संशयाने बघायचं.

बघायचं म्हणजे काय, तर दोन फेऱ्यांतलं एकेक गाव अदलाबदल करून पाहायचं. आपल्या ८१ च्या आखणीत शिवोली आणि कोलवाळ यांची जागा बदला. शिवोली–मांद्रेचे १५ गेले, कोलवाळ–पेडण्याचे १४ आले. कोलवाळ–कळंगुटचं शून्य गेलं, शिवोली–कळंगुटचे ६ आले. निव्वळ फायदा ५, आणि दोन्ही टेम्पोंत माल मावतो. पन्नास दुकानं असली तर जोड्या १२२५ होतात, तेव्हा हे काम कॉम्प्युटरला द्यावं. पण तोही नेमकं हेच करतो. कुठली अदलाबदल आधी तपासायची हे नकाशावरून कळतं: दोन वेगळ्या फेऱ्या एकाच रस्त्यावरून एकमेकींच्या अंगावरून जात असतील तर तिथे हात घालायचा.

यादी मुळातच चुकीची असेल तर मात्र पुढचं सगळं फुकट. तिची परीक्षा सोपी आहे. सगळ्या नोंदी खऱ्या रस्त्यांच्या आणि जवळच्यात जवळच्या वाटेच्या असतील तर बचत कधी शून्याच्या खाली जात नाही. गेली तर त्या दोन गावांना म्हापशावरून जाणं जास्त जवळचं आहे आणि नोंदवलेलं अंतर चुकलंय. आणि बचत त्या दोघांतल्या जवळच्या गावाच्या अंतराच्या दुपटीहून जास्त असू शकत नाही. कोलवाळ म्हापशापासून ७ किलोमीटर, म्हणून त्याची कुठलीही बचत १४ च्या वर जाणार नाही. पेडण्याबरोबर ती बरोबर १४ आहे. गाव दुसऱ्याच्या वाटेवर असेल तेव्हाच हा आकडा पुरा गाठला जातो, आणि ड्रायव्हर जे सांगत होता तेच इथे यादीत लिहिलेलं होतं.

गोव्यात या परीक्षेला एक वेगळी धार आहे, ती नद्यांमुळे. मोरजी आणि शापोरा ही गावं शापोरा नदीच्या मुखाशी समोरासमोर आहेत. नकाशावर फूटपट्टी ठेवून मोजलं तर जवळजवळ शेजारी. रस्त्याने मात्र शिवोली–चोपडे पुलावरून वळसा घ्यावा लागतो. सरळ रेषेची अंतरं घेऊन यादी केली तर ही जोडी फुगलेली बचत घेऊन वर चढून बसते, आणि यादी वरून वाचली जात असल्याने ती लवकरच जोडली जाते. सरळ रेषांनी केलेल्या यादीत वरची परीक्षाही ही चूक पकडत नाही, कारण तिथे सगळीच अंतरं एकमेकांशी सुसंगत असतात. म्हणून नदीपलीकडच्या जोड्या वेगळ्या काढून, त्यांची अंतरं पुलावरून मोजून मगच यादीत घालावी लागतात.