नवजात बाळाच्या छायाचित्रासाठी प्रॉम्प्टलेखन

चित्रनिर्मिती करणाऱ्या एआय साधनाला शब्दांतून सूचना देऊन नवजात बाळाच्या स्टुडिओ छायाचित्रासारखे चित्र तयार करून घेण्याची पद्धत. मऊ कापडात गुंडाळलेले झोपलेले बाळ, उबदार रंगछटा आणि खिडकीतून आल्यासारखा प्रकाश ही या चित्रांची ओळख. प्रकाश आणि रंग थोड्या शब्दांत साधतात. बाळाची ठेवण मात्र नेमकेपणाने सांगावी लागते.

याचे कारण छायाचित्रणाच्या एका रीतीत आहे. हातांवर हनुवटी टेकवून झोपलेल्या बाळाचे छायाचित्र खूप लोकप्रिय आहे, पण जाणकार छायाचित्रकार ते एका क्लिकमध्ये घेत नाहीत. नवजात बाळाने मान धरलेली नसते. म्हणून एका छायाचित्रात मदतनीस बाळाचे डोके धरतो, दुसऱ्यात मनगटे धरतो, आणि दोन्ही जोडून मदतनिसाचे हात संगणकावर पुसले जातात. झोळीत किंवा फांदीवर लटकलेल्या बाळाची चित्रेही बहुधा अशाच जोडकामातून येतात. एआय साधने ज्या चित्रांवरून शिकतात त्यांत ही पुसलेली, अंतिम चित्रेच असतात. त्यामुळे ‘नवजात बाळाचे सुंदर फोटोशूट’ एवढेच लिहिले, तर आधाराविना तोललेले डोके सहज उमटते. ते पाहून कोणी घरी तसाच प्रयत्न केला, तर बाळाची मान पुढे झुकून श्वास अडू शकतो. म्हणूनच काल्पनिक बाळाचीही ठेवण सुरक्षित दिसायला हवी.

‘सुरक्षित ठेवण’ असे लिहून फारसे साधत नाही, कारण तो निष्कर्ष आहे, दृश्य नाही. दिसणाऱ्या गोष्टी सांगाव्या लागतात: बाळ पाठीवर, सपाट पृष्ठभागावर, हनुवटी छातीपासून सुटी, नाक-तोंड उघडे, कापड खांद्यापर्यंतच, हात कापडाच्या आत, पाय गुडघ्यात दुमडलेले आणि कंबरेखाली कापड सैल. शेवटचा तपशील शोभेसाठी नाही. पाय सरळ ताणून घट्ट बांधले तर खुब्याच्या सांध्याच्या वाढीला बाधा येऊ शकते, म्हणून खऱ्या बांधणीतही पायांना हलायला जागा ठेवतात. हात आत घेतल्याने चित्रातली बोटे बिघडण्याचा धोकाही टळतो.

‘मलईच्या रंगाच्या दुपट्यात गुंडाळलेले गोड नवजात बाळ, उबदार प्रकाश’ हा प्रॉम्प्ट घेऊ. यातून बऱ्याचदा डोळे टक्क उघडे ठेवून हसणारे, तीनेक महिन्यांचे वाटणारे गुबगुबीत बाळ येते. त्वचा मेणासारखी, सगळीकडे पिवळसर झाक आणि दुपट्याची कड गालात विरघळलेली. सुधारित प्रॉम्प्ट असा लिहिता येतो:

```
दहा दिवसांचे झोपलेले बाळ, मिटलेले डोळे, कपाळावर बारीक
लव, त्वचेवर किंचित सोलवटलेले ठिपके, नैसर्गिक गुलाबी छटा.
सपाट लोकरी आसनावर पाठीवर, चेहरा वर, नाक-तोंड उघडे.
मलईरंगी ताणाचे सुती कापड खांद्यापर्यंत, हात आत, पाय
दुमडलेले, कंबरेखाली कापड सैल, विणीचा पोत स्पष्ट.
डोक्याकडच्या बाजूने खिडकीचा मंद प्रकाश, नाकाची सावली
हनुवटीकडे. कॅमेरा किंचित वरून. पार्श्वभूमी फिकट बदामी.
```

दहा दिवसांचे वय सांगितल्याने प्रमाणे बदलतात: नवजाताचे डोके शरीराच्या लांबीच्या सुमारे पाव असते. प्रकाशाची दिशा तितकीच मोलाची. उजेड पायांकडून आला की सावल्या वर चढतात आणि निरागस चेहराही भेसूर दिसतो. उबदारपणा मात्र कापड आणि पार्श्वभूमीला द्यावा, त्वचेला नव्हे. संपूर्ण चित्र सोनेरी मागितले, तर बाळाला कावीळ झाल्यासारखे वाटते, आणि पहिल्या आठवड्यात ती खरोखरच अनेक बाळांना होत असल्याने पाहणाऱ्याला शंका येते.

नको असलेल्या गोष्टी मुख्य वाक्यात ‘हातावर हनुवटी नको’ अशा लिहिल्या, तर काही साधने ‘नको’ सोडून ‘हनुवटी’ आणि ‘हात’ उचलतात. स्टेबल डिफ्यूजनमध्ये यासाठी वेगळा नकारात्मक प्रॉम्प्ट असतो, मिडजर्नीत `--no` लिहितात. अशी सोय नसेल तिथे हवी ती ठेवणच ठामपणे सांगावी.

तयार चित्र तपासताना बाळाचे वजन कुठे टेकले आहे ते आधी शोधावे. डोक्याखाली आसनाला किंचित खळगा आणि सावली नसेल, तर बाळ अधांतरी वाटते. मग कापडाची कड कानापासून खांद्यापर्यंत डोळ्यांनी चाळावी. ती कुठे त्वचेत मिसळली किंवा गळ्याभोवती फास पडल्यासारखी दिसली, तर चित्र बाद करावे. थेट वरून घेतलेल्या दृश्यात बाळ उभे असल्याचा भास होतो. कॅमेऱ्याचा कोन तिरपा केल्यास तो बहुधा जातो.

खऱ्या बाळाचे छायाचित्र साधनात चढवून त्यावर बदल करणे ही निराळी बाब आहे. तिथे पालकांची संमती लागते, आणि चेहरा बदलण्याचा संभव असल्याने ते चित्र आठवण म्हणून जपायला फारसे विश्वासार्ह नसते. जाहिरात, शुभेच्छापत्र किंवा स्टुडिओतल्या मांडणीचा पूर्वनमुना यांसाठी काल्पनिक बाळाचे चित्र पुरते, मात्र ते एआयनिर्मित असल्याचे त्यावर लिहावे.