ठसका वेगळा, घास अडकणं वेगळं

हॉटेलात कुणी जोरजोरात खोकायला लागलं की चौघं पाणी घेऊन धावतात आणि कुणी गप्प झालं तर कुणाचं लक्षही जात नाही. खरा धोका त्या गप्प झालेल्या माणसाला असतो.

ठसक्यात खोकला येतो, आवाज फुटतो, म्हणजे हवा आत-बाहेर होते आहे. त्याला खोकू द्यावं आणि शेजारी थांबावं, एवढंच. डोक्यावर थापट्या मारून ‘वर बघ, वर बघ’ करणं बंद करा, त्याचा काही उपयोग नाही.

श्वासनलिका पूर्ण बंद झाली की खोकलाही येत नाही. समजा, मटण खाता खाता एक गृहस्थ बोलायचे थांबले, हात गळ्याशी गेला आणि लाजेपोटी उठून ते बेसिनकडे निघाले. असा माणूस आत एकटाच कोसळू शकतो, म्हणून वेटरने मागोमाग जायचंच. विचारायचं, ‘साहेब, घास अडकलाय? बोलता येतंय?’ नुसती मान हलली, शब्द फुटला नाही, की थांबायचं नाही. त्यांना पुढे वाकवून, एका हाताने छातीला आधार देऊन, दोन्ही खांद्यांच्या फळ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार तडाखे द्यायचे. घास निघाला नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवायची आणि आत-वर असे पाच झटके द्यायचे. मग पुन्हा तडाखे, पुन्हा झटके. गरोदर बाई असेल किंवा पोटाला कव बसत नसेल, तर झटके छातीच्या मध्यावर. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके कधीच नाहीत. पाणी तर कुणालाच पाजू नये, बंद वाटेत ते आणखी अडकतं.

वेटर हे करत असताना कॅप्टनने 108 ला फोन लावून पत्ता नीट सांगायचा आणि दुसऱ्याने दारात उभं राहून गाडी आत आणायची. मॅनेजरने गर्दी हटवायची. ही कामं शिफ्ट सुरू होतानाच नावानिशी वाटलेली असावीत, नाहीतर सगळेच फोन करतात किंवा कुणीच करत नाही.

माणूस कोसळला, हाक मारून हलला नाही, नीट श्वास नाही, तर कारण घास की हृदय यावर खल करत बसू नका. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. जमिनीवर उताणं झोपवून छातीच्या मध्यभागी दाब सुरू करा, मिनिटाला 100 ते 120, प्रौढाला पाच-सहा सेंटिमीटर खोल. घास अडकल्याची शंका असेल तर दर 30 दाबांनंतर तोंडात बघा. दिसला तरच काढा. न दिसता बोट घालून चाचपणं मला अजिबात मान्य नाही, कारण त्याने घास आणखी खाली जातो.

घास निघून पाहुणे हसून ‘आता ठीक आहे’ म्हणाले, तरी पोटावर झटके दिले असतील तर त्यांना डॉक्टरकडे पाठवाच. आत इजा झालेली असू शकते.