लायटरमधल्या वायूचं वजन

दहा-वीस रुपयांचा पारदर्शक लायटर उजेडात धरला की आत पाण्यासारखा द्रव हलताना दिसतो. बटण दाबलं की तोच वायू होऊन बाहेर पडतो. हा वायू कोणता, हे न जाळता, न हुंगता, फक्त वजनकाटा, थर्मामीटर आणि दाबाचा आकडा यांवरून सांगता येईल का? शेजारच्या अकरावीतल्या मुलीला प्रकल्पासाठी काहीतरी हवं होतं, म्हणून पुण्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात एका रविवारी आम्ही हे करून बघितलं.

त्यामागचा विचार १८११ मध्ये अ‍ॅव्होगाड्रोने मांडला. तापमान आणि दाब सारखे असतील, तर एक लिटर हायड्रोजनमध्ये जितके रेणू तितकेच एक लिटर ब्युटेनमध्ये. रेणू हलका असो की जड, त्याने जागा अडवण्यात फरक पडत नाही. म्हणजे वायू लिटरने मोजला की रेणू मोजले गेलेच. मग त्या लिटरचं वजन केलं की एका रेणूचं वजन किती याचा हिशेब लागतो. पुस्तकात हेच M = dRT/P असं लिहितात. d म्हणजे घनता, लिटरला ग्रॅममध्ये; T केल्विनमधलं तापमान, P किलोपास्कलमधला दाब आणि R हा ठरलेला स्थिरांक, ८.३१४. मला मात्र ते दोन टप्प्यांत बघायला आवडतं. मोल म्हणजे रेणूंची एक ठरलेली मोठी संख्या, आणि RT/P म्हणजे त्या दिवशी, त्या खोलीत एक मोल वायू किती लिटर जागा घेईल ते. त्याला एका लिटरच्या वजनाने गुणलं की एका मोलचं वजन, म्हणजे मोलर वस्तुमान.

कृती साधी आहे. लायटरचा चकमकीचा खडा आधी काढून टाकला, गॅसची शेगडी बंद ठेवली, खिडक्या उघड्या. लायटर एकदा पाण्यात बुडवून, पुसून, वाळवून मग वजन केलं. ही आधीची बुडी महत्त्वाची, कारण फटींत जे पाणी अडकून राहायचं ते दोन्ही वजनांत यावं. २५० मिलिलिटरचं मोजपात्र पाण्याने काठोकाठ भरून टबात उलटं धरलं, लायटर त्याच्या तोंडाखाली नेला आणि बटण दाबून ठेवलं. बुडबुडे वर चढत गेले, पाणी खाली उतरत गेलं. २०० च्या खुणेजवळ थांबलो.

इथे घाई नडते. द्रवाची वाफ होताना वायू गार पडतो आणि आकसतो. लगेच आकडा वाचला तर आकारमान कमी भरतं आणि घनता उगाच जास्त येते. दहा मिनिटं थांबलो आणि मग आतल्या-बाहेरच्या पाण्याची पातळी एक होईपर्यंत मोजपात्र वर-खाली केलं. आतलं पाणी दहा सेंटिमीटर उंच राहिलं असतं, तर वायूवरचा दाब साधारण एक टक्क्याने कमी असता. पातळी एक झाली की आतला दाब तोच जो बाहेरच्या हवेचा. आकारमान २०० मिलिलिटर, पाणी २७ अंश सेल्सिअस, आणि वाळवलेल्या लायटरचं वजन ०.४१ ग्रॅमने घटलेलं. म्हणजे घनता लिटरला २.०५ ग्रॅम.

आता दाब. मुलीने फोनवर हवामानाचं अ‍ॅप उघडलं आणि १०१० हेक्टोपास्कल लिहून घेतले. हा आकडा खोटा नाही, पण आमच्या स्वयंपाकघराचाही नाही. हवामानाच्या नकाशांवर सगळी गावं एकाच मापाने तोलता यावीत म्हणून दाब समुद्रसपाटीला आणून सांगतात. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच; प्रत्यक्षातला दाब त्यामुळे ६ टक्क्यांहून जास्त कमी. माझ्या फोनमध्ये दाब मोजणारा सेन्सर आहे, त्याने ९४८ दाखवले. मुंबईत किंवा पणजीत हा घोटाळा जाणवलाही नसता.

त्या ९४८ मधलेही सगळे आपल्या वायूचे नाहीत. पाण्यावर गोळा केलेल्या वायूत पाण्याची वाफ मिसळलेली असते. २७ अंशांना तिचा दाब साधारण ३६ हेक्टोपास्कल. तो वजा केला की उरतात ९१२, म्हणजे ९१.२ किलोपास्कल. या दाबाला आणि ३०० केल्विनला एक मोल वायू सुमारे २७.३ लिटर जागा घेतो. २७.३ ला २.०५ ने गुणा: ५६. अ‍ॅपमधला दाब घेतला असता आणि वाफ विसरलो असतो, तर उत्तर ५०.६ आलं असतं. तापमान केल्विनऐवजी सेल्सिअसमध्ये टाकलं तर ५ येतं, पण ती चूक निदान लपत तरी नाही.

ब्युटेनचं मोलर वस्तुमान ५८, प्रोपेनचं ४४. लायटरमध्ये मुख्यतः ब्युटेन, सोबत आयसोब्युटेन आणि थोडं प्रोपेन असतं. मग ५६ म्हणजे मिश्रण, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. थांबा. आपला काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंतच दाखवतो. त्याचा शेवटचा आकडा एकाने सरकला तरी उत्तर १.४ ने हलतं. शिवाय ब्युटेन हा काही आदर्श वायू नव्हे. त्याचा उत्कलनबिंदू शून्य अंशाच्या आसपास, म्हणजे खोलीत तो द्रव होण्यापासून फार लांब नसतो. रेणू एकमेकांना ओढतात, वायू हिशेबापेक्षा किंचित दाट असतो. शुद्ध ब्युटेननेही या पद्धतीत अडीच टक्के जास्त, म्हणजे साठाच्या जवळ उत्तर दिलं असतं. काटेकोर काम करणारे म्हणूनच दाब कमी करत जाऊन घनता पुन्हा पुन्हा मोजतात आणि दाब शून्य असता तर काय उत्तर आलं असतं ते आलेखावरून काढतात.

साठऐवजी ५६, म्हणजे प्रोपेन आहे? बहुधा. पण लायटरच्या चाकाखाली पाण्याचा एक बारीक थेंब, ०.०२ ग्रॅमचा, राहून गेला असेल तरी वजनातली घट तेवढी कमी दिसते आणि उत्तर जवळजवळ ३ ने खाली येतं. थेंब आणि प्रोपेन, दोघांचीही आकड्यात खूण एकच. फरक कळायचा तर लायटर रात्रभर पंख्याखाली ठेवून सकाळी पुन्हा तोलायचा. आम्ही तोलला, काट्यावर तोच आकडा आला. तेव्हा कुठे प्रोपेनचं नाव वहीत लिहिलं, तेही पेन्सिलीने.

हीच पद्धत फार बारकाईने केली की काय हाती लागतं ते लॉर्ड रॅले यांनी दाखवलं. दोन लिटरपेक्षा थोडा लहान काचेचा गोळा त्यांनी नायट्रोजनने भरून तोलला. हवेतून बाकीचे वायू काढून उरलेला नायट्रोजन २.३१ ग्रॅम भरला, रासायनिक संयुगांतून मिळवलेला २.३० ग्रॅम. फरक जेमतेम अर्धा टक्का, आमच्या काट्यावर तो शेवटच्या एका आकड्याएवढाच दिसला असता. तो जड भाग आर्गनचा निघाला. रॅले आणि रॅमसे यांनी १८९५ मध्ये त्याचा तपशील मांडला.

मुलीने शेवटी विचारलं, की उत्तर नेमकं ५८ आलं असतं तर ब्युटेन पक्कं ना? नाही. आयसोब्युटेनचं मोलर वस्तुमानही ५८च आहे, कारण अणू तेच, फक्त मांडणी वेगळी. आणि ४४ आलं तर पंचाईत आणखी मोठी: प्रोपेन, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड तिघेही ४४. तिथे वजनकाटा बाजूला ठेवून चुन्याची निवळी आणायची. ती दुधाळ झाली तर कार्बन डायऑक्साइड. नाही झाली, तर थोडासा वायू परीक्षानळीत घेऊन विझत आलेली काडी आत धरायची. काडी पुन्हा पेटली तर नायट्रस ऑक्साइड; नाही पेटली, आणि पेटती काडी नळीच्या तोंडाशी नेल्यावर वायूनेच पेट घेतला तर प्रोपेन.