श्रम आणि परिणामांचा चार चरणांचा आलेख: उगम आणि मर्यादा

लहान चमूच्या हाती माणसे मोजकी आणि कामे पुष्कळ असतात, तेव्हा फळ्यावर दोन अक्ष काढून आडव्या अक्षावर श्रम, उभ्या अक्षावर परिणाम आणि प्रत्येक कामाचा एक बिंदू अशी मांडणी आता सर्रास केली जाते. मध्ये एक आडवी आणि एक उभी रेघ मारली की चार चरण तयार होतात. कमी श्रमात मोठा परिणाम देणारी कामे आधी, जास्त श्रम घेऊन मोठा परिणाम देणारी नियोजन करून, कमी श्रमांची आणि किरकोळ परिणामाची सवडीने, आणि उरलेली सोडून द्यायची, असा तिचा सरधोपट वापर आहे. ही आकृती इतकी ओळखीची झाली आहे की त्या दोन रेघा तिथेच का मारल्या, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आकृतीचा इतिहास पाहिला तर तो प्रश्न टाळता येत नाही.

तिचे मूळ अनेकजण आयझेनहॉवर यांच्याशी जोडतात, पण तो धागा वेगळा आहे. १९५४ साली इव्हन्स्टन येथील भाषणात त्यांनी एका माजी महाविद्यालयप्रमुखाचा हवाला देऊन तातडीचे प्रश्न आणि महत्त्वाचे प्रश्न यांत भेद केला होता. त्या भाषणात आकृती नव्हती आणि श्रमांचा विचारही नव्हता. तातडी व महत्त्व यांची चार घरे पुढे १९८९ नंतर स्टीफन कव्ही यांच्या लेखनामुळे घरोघरी पोहोचली. काम किती जड आहे, हे त्या चार घरांवरून कळत नाही.

बिंदूंच्या आलेखाचे घराणे याहून जुने आहे. दोन मोजमापे दोन अक्षांवर घेऊन निरीक्षणांचे बिंदू मांडण्याची रीत जॉन हर्शेल यांनी १८३३ मध्ये जोडताऱ्यांच्या कक्षा काढण्यासाठी वापरली, आणि त्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडील व मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना तिला संख्याशास्त्रात पक्के स्थान मिळवून दिले. या शास्त्रज्ञांना बिंदू एखाद्या तिरप्या पट्ट्यात गोळा झालेले दिसले की आनंद होई, कारण दोन गोष्टींत संबंध असल्याची ती खूण होती. कामे निवडणाऱ्या चमूसाठी मात्र तोच पट्टा धोक्याची सूचना असतो. सगळे बिंदू डावीकडून खालून उजवीकडे वर चढत गेलेले दिसले, तर बहुधा लोकांनी परिणामाचा अंदाज श्रमांवरूनच बांधलेला असतो: काम मोठे आहे, म्हणजे त्याचा उपयोगही मोठा असणार. अशा आलेखातून निवड करता येत नाही, कारण त्यात दुसरा अक्ष पहिल्याचीच नक्कल असतो.

चार चरण पाडून प्रत्येकाला नाव आणि ठरलेली कृती जोडण्याची पद्धत व्यवस्थापनात रूढ झाली ती प्रामुख्याने १९७० मध्ये, बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपचे ब्रूस हेंडरसन यांनी मांडलेल्या व्यवसायसंचाच्या आकृतीमुळे. तिच्या एका अक्षावर बाजाराच्या वाढीचा दर होता आणि दुसऱ्यावर सापेक्ष बाजारहिस्सा, म्हणजे आपला हिस्सा भागिले सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याचा हिस्सा. हे अक्ष उगाच निवडलेले नव्हते. एकूण उत्पादन दुप्पट झाले की प्रत्येक नगाचा खर्च ठरावीक प्रमाणात उतरतो, असे याच संस्थेने १९६० च्या दशकात अनुभववक्राच्या रूपाने मांडले होते. त्यावरून मोठ्या हिश्श्याचा व्यवसाय स्वस्तात माल बनवून रोकड मिळवतो आणि वेगाने वाढणारा व्यवसाय रोकड खातो, असा तर्क निघत होता. त्यामुळे प्रत्येक चरणाला रोकड येते की जाते, या हिशेबाचा आधार होता. सापेक्ष हिश्श्याची रेघ बहुधा १ वर मारली जाई, आणि तिचा अर्थ स्पष्ट होता: तिच्या एका बाजूला बाजारातला पहिला, दुसऱ्या बाजूला बाकी सगळे. त्या तर्कावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती योग्यही होती. पण रेघ तिथे का आहे याचे उत्तर निदान तयार होते.

१९८० च्या दशकाच्या शेवटी जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांच्या काळात 'वर्क-आउट' नावाच्या बैठका सुरू झाल्या. वेगवेगळ्या थरांतले कर्मचारी एकत्र बसून कामातले अडथळे आणि उपाय सुचवत, आणि वरिष्ठांना बहुतेक सूचनांवर जागच्या जागी हो किंवा नाही असे उत्तर द्यावे लागे. इतक्या सूचनांची चटकन वर्गवारी करायला सोपे की अवघड आणि फायदा मोठा की लहान, अशी चार घरांची आकृती फार सोयीची ठरली. लॉकहीड मार्टिनमध्ये तिला 'पिक' तक्ता हे रूप मिळाले. चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून हे नाव तयार झाले असून त्यांचा अर्थ शक्य, अमलात आणा, आव्हान आणि रद्द करा असा होतो. इथे उद्देश चाळणी लावण्याचा होता. ढिगातून उघड टाकाऊ आणि उघड करण्याजोगे बाजूला काढायचे असेल, तर रेघ थोडी इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. अडचण सुरू झाली ती हीच आकृती क्रम लावण्यासाठी वापरली जाऊ लागली तेव्हा.

क्रमाचा प्रश्न गणितात आधीच सुटलेला होता. एकाच माणसाने किंवा यंत्राने एकामागून एक करायची कामे असतील आणि प्रत्येक काम पूर्ण होईपर्यंत त्याच्या महत्त्वाच्या प्रमाणात रोज नुकसान होत असेल, तर महत्त्व भागिले लागणारा वेळ या गुणोत्तराच्या उतरत्या क्रमाने कामे केल्यास एकूण नुकसान सर्वांत कमी होते, हे डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले. आलेखाच्या भाषेत सांगायचे, तर समान गुणोत्तराचे बिंदू आरंभबिंदूतून निघणाऱ्या एका तिरप्या रेषेवर बसतात. आडव्या आणि उभ्या रेघांना हे गुणोत्तर दिसत नाही.

एक लहान उदाहरण घेऊ. तक्रारनोंदणीची अंतर्गत प्रणाली सांभाळणाऱ्या चमूतील एका व्यक्तीकडे तीन कामे आली आहेत. श्रम मनुष्यदिवसांत आणि परिणाम महिन्याला वाचणाऱ्या तासांत मोजला आहे. पासवर्ड स्वतः बदलण्याची सोय करायला ९ दिवस लागतील आणि तिने २१ तास वाचतील. जुन्या नोंदी आपोआप आयात करण्याला ११ दिवस लागतील, वाचतील ३८ तास. स्मरणपत्राचा मजकूर सुधारायला फक्त १ दिवस पुरेल आणि वाचतील ८ तास. श्रमांचा अक्ष २० पर्यंत आणि परिणामाचा ४० पर्यंत असल्याने रेघा १० आणि २० वर मारल्या. पासवर्डचे काम सर्वांत मानाच्या चरणात गेले, आयातीचे काम नियोजनाच्या चरणात गेले आणि स्मरणपत्र सवडीच्या चरणात पडले. चरणांच्या क्रमाने पहिले काम ९व्या दिवशी, दुसरे २०व्या आणि तिसरे २१व्या दिवशी पूर्ण होईल.

आता गुणोत्तर पाहा: स्मरणपत्र ८, आयात सुमारे ३.५, पासवर्ड सुमारे २.३. म्हणजे क्रम बरोबर उलटा निघतो आणि कामे १ल्या, १२व्या व २१व्या दिवशी पूर्ण होतात. महिन्यात कामाचे २१ दिवस धरले, तर चरणांच्या क्रमात वाट पाहण्यापायी सुमारे ५३ तास वाया जातात आणि गुणोत्तराच्या क्रमात सुमारे ४३. एकूण मेहनत तितकीच आहे, फरक फक्त क्रमाचा आहे. स्मरणपत्रासारखी कामे 'किरकोळ' या शिक्क्याखाली महिनोन्‌महिने पडून राहतात, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि या आकृतीचा सर्वांत मोठा तोटा मला तोच वाटतो.

याच उदाहरणात चौथे, ४० दिवसांचे काम यादीत आले की श्रमांचा अक्ष लांबतो आणि त्याची मधली रेघ १० वरून २० वर सरकते. आयातीच्या कामात काहीही बदललेले नसते, तरी ते एका क्षणात 'सोपे' ठरते. शिवाय ९ आणि ११ दिवसांतला फरक बहुतेक चमूंच्या अंदाजाच्या चुकीपेक्षा लहानच असतो. म्हणून श्रमांचा आकडा एकच न लिहिता '७ ते १४ दिवस' असा पल्ला लिहून बिंदूऐवजी आडवी रेघोटी काढलेली बरी. ती रेघोटी मधली रेघ ओलांडत असेल, तर त्या कामाला अजून कोणताही चरण मिळालेला नाही असेच समजावे लागते. आणि परिणाम तासांत न मोजता १ ते ५ गुण दिले असतील, तर अडचण आणखी वाढते: एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्येच दाखवल्याप्रमाणे अशा गुणांतून फक्त क्रम कळतो, ४ गुण म्हणजे २ गुणांच्या दुप्पट असे होत नाही, आणि त्यांचा भागाकार करण्याला अर्थ उरत नाही.

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात योआकिम कार्लसन आणि केविन रायन यांनी १९९७ मध्ये यावर विचारपूर्वक उत्तर दिले. गुण देण्याऐवजी त्यांनी थॉमस साटी यांच्या पद्धतीने दोन-दोन मागण्यांची तुलना करायला लावली: या दोघींत कोणती किती पटीने मोलाची, कोणती किती पटीने खर्चिक. त्यातून प्रत्येक मागणीचा एकूण मोलातला आणि एकूण खर्चातला वाटा निघतो. ही पद्धत त्यांनी एरिक्सनच्या प्रकल्पांवर वापरून पाहिली. त्यांच्या आलेखात मधली फुली नाही. आरंभबिंदूतून निघालेल्या दोन तिरप्या रेषा आहेत, एक मोल खर्चाच्या दुप्पट असते तिथे आणि दुसरी निम्मे असते तिथे. त्यामुळे चारऐवजी तीन पट्टे पडतात. तुलनांची संख्या मात्र भराभर वाढते. ९ कामांना ३६ तुलना पुरतात, २० कामांना १९० लागतात, आणि त्या दोनदा कराव्या लागतात, मोलासाठी एकदा आणि खर्चासाठी एकदा. पाच माणसांच्या चमूला १०-१२ कामांपुढे हे झेपत नाही; तिथे आधी चार घरांची चाळणी लावून उरलेल्यांचीच तुलना करणे शहाणपणाचे.

आपली तीन कामे या आलेखावर ठेवली, तर स्मरणपत्राचा श्रमांतला वाटा सुमारे ५ टक्के आणि परिणामातला १२ टक्के येतो, म्हणजे गुणोत्तर २.५ होऊन ते वरच्या पट्ट्यात बसते. आयातीचे गुणोत्तर १.१ च्या आसपास आणि पासवर्डचे ०.७ च्या आसपास येते. दोन्ही मधल्या पट्ट्यात राहतात. स्मरणपत्र आधी करायचे, एवढे आलेख ठामपणे सांगतो. उरलेल्या दोघांत आधी कोणते, हे त्याच्या बाहेरच्या गोष्टींवर ठरते: आयातीला दुसऱ्या विभागाकडून नोंदींचा नमुना यायचा आहे का, पासवर्डच्या कामाला एखादी ठरलेली मुदत आहे का, एका कामाचा काही भाग झाल्याशिवाय दुसरे सुरूच होऊ शकत नाही असे आहे का. या अवलंबनांना दोन्ही अक्षांवर जागा नाही, म्हणून ती बिंदूंच्या शेजारी बाण काढून वेगळी दाखवावी लागतात.