सेमी की फुल्ली ऑटोमॅटिक? आधी टाकी किती उंच आहे ते बघा

वॉशिंग मशीनचा विषय निघाला की हमखास कोणीतरी सांगतं, "तुमच्याकडे पाणी कमी आहे ना, मग सेमीच घ्या." हे ऐकून ऐकून आता वैताग आलाय. पाणी कमी म्हणजे नक्की काय? दिवसाला मोजकंच पाणी मिळतं, की ठरलेल्या वेळेतच मिळतं, की नळाला जोरच नाही? तिन्ही वेगळ्या अडचणी आहेत.

सेमी सगळ्यांनी बघितलेली असते, डावीकडे धुवायचं, उजवीकडे पिळायचं, मधे ओले कपडे आपण हाताने उचलायचे, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. सेमीला जागा रुंदीत जास्त लागते आणि फुल्ली महाग पडते, हेही दुकानात कळतंच.

आता मोजक्या पाण्याचं बघा. सेमीत नळ चालू ठेवून कपडे खळबळले तर पाणी भरपूर जातं, आणि सगळ्यात कमी पाण्यात धुते ती फ्रंट लोड, म्हणजे फुल्लीच. सेमीत पाणी वाचतं ते साबणाचं तेच पाणी आधी पांढऱ्या, मग रंगीत कपड्यांना वापरलं तरच.

खरी गोची होते ती जोर आणि वेळ यांच्यात. सेमीत पाणी आपण भरतो, बादलीने ओतलं तरी तिला चालतं. फुल्ली स्वतः पाणी घेते, तेही एकदा नाही, धुवायला एकदा आणि मग प्रत्येक खळबळीला परत. शिवाय तिच्या मागे पाण्याचा जो व्हॉल्व्ह असतो तो नीट उघडायला आणि नीट बंद व्हायलाही पाण्याचा दाब लागतो. दाब कमी असला की पाणी करंगळीएवढ्या धारेने येतं, कधीकधी मशीन बंद असतानाही आत ठिबकत राहतं. ठराविक वेळात पातळी आली नाही की मशीन थांबतं, एलजीवर IE दिसतं, सॅमसंगवर 4C किंवा 4E, आणि लोक लगेच मेकॅनिक बोलावतात.

माझ्या मावसबहिणीकडे गिरगावात हेच झालं. जुनी बिल्डिंग, पाणी सकाळी थोडा वेळ, म्हणून बाथरूमच्या माळ्यावर दोनशे लिटरची टाकी. दुकानदार म्हणाला टाकी आहे ना, मग फुल्ली बिनधास्त चालेल. आता हिशोब करा. टाकीचा तळ जमिनीपासून सात फुटांवर, मशीनला पाणी शिरतं ते साधारण तीन-सव्वातीन फुटांवर, म्हणजे मधे जेमतेम सव्वा मीटर. दहा मीटर उंचीचं पाणी एक बार दाब देतं, तर सव्वा मीटरला मिळाला ०.१२ बार. मॅन्युअलमधे लिहिलं होतं किमान 0.03 MPa, म्हणजे ०.३ बार, म्हणजे तीन मीटर. टाकी काठोकाठ भरली तरी अर्धा-पाऊण मीटरच वाढतो. पाणी होतं, जोर नव्हता. ती वरून झाकण उघडून बादलीने पाणी ओतायची, टॉप लोडला ते चालतं, पातळी आली की मशीन पुढे सुरू होतं, पण खळबळीच्या वेळी परत थांबायचं आणि परत बादली घेऊन उभं राहायचं. मग फुल्लीचे पैसे कशाला दिले? फ्रंट लोड असती तर दार लॉक असल्याने तेवढंही जमलं नसतं.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही हेच लागू, गच्चीवरची टाकी डोक्यावरच असते पण नळापासून उंची तीन-चार मीटरच भरते, म्हणजे अगदी काठावर. मधल्या आणि खालच्या मजल्यांना सहसा प्रॉब्लेम येत नाही.

घ्यायच्या आधी एक काम करा, जिथे मशीन लावणार त्याच नळाखाली पंधरा लिटरची बादली ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. दोन मिनिटांच्या आत भरली आणि वरच्या हिशोबाने टाकीची उंचीही पुरत असेल तर टॉप लोड फुल्ली घ्या, तीन-चार माणसांच्या घराला माझ्या मते तीच बरी. पाच मिनिटं लागली तर मिनिटाला तीनच लिटर येतंय, एका वेळी पन्नास लिटर घेणारं मशीन तीनदा भरायला पन्नास मिनिटं नुसती वाट बघेल, तिथे सरळ सेमी घ्या. आणि सोसायटी दीड तासच पाणी सोडत असेल तर बादली कितीही पटकन भरो, शेवटच्या खळबळीला नळ कोरडा पडणार नाही ना ते आधी बघा.

फुल्लीच हवी असेल तर टाकी आणि मशीनच्या मधे छोटा बूस्टर पंप बसवता येतो, फक्त तो आपल्या टाकीनंतरच बसवायचा, महापालिकेच्या लाइनला थेट पंप लावणं बेकायदेशीर आहे.